टेबलावरच्या चिठ्ठ्या

सोमवार, दुपार
सोहम, आठवडाभर बामणोली मुक्कामी ड्युटी लागलीय. सकाळी डेपोत कॅश भरून घरी येईन, तोवर तू क्लासला गेलेला असशील. आमटी कुकरमध्ये, पोळ्या डब्यात. दूध तापव. रात्री आतून कडी लाव. – आई

मंगळवार, सकाळ
दूध तापवलं. आमटी संपवली. निघतो.

मंगळवार, दुपार
काल यवतेश्वरच्या घाटात गाडी बंद पडली. धुकं, पाऊस, आणि गाडीत एक ओली बाळंतीण. ड्रायव्हर भाऊ म्हणाले, डिझेलमध्ये हवा धरली. पोचेस्तोवर रात्र झाली. भेंडी केलीय, टाकू नकोस.

बुधवार, सकाळ
आई, फिल्टर चोक असणार. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो. फेस थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. भाऊंना सांग, फिल्टर बदलून घ्या. बाळंतीण नीट पोचली ना?

बुधवार, दुपार
पोचली. हे क्लासात शिकवतात का, सोहम? टॉवेलवर काळी बोटं आहेत, दोनदा धुतला तरी निघेनात. आज क्लासला फोन केला. गेल्या सोमवारपासून तू आलेलाच नाहीस म्हणे. पतपेढीचं कर्ज काढून फी भरलीय मी. कुठे जातोस?

गुरुवार, सकाळ
पोवई नाक्याजवळच्या गॅरेजात. पैसे घेत नाही, शिकतो. क्लासातलं कळतं गं, पण मन लागत नाही. मला आयटीआयला मोटार मेकॅनिक करायचंय, दोन वर्षांचं. तू दिवसभर उभी राहून तिकिटं फाडतेस, आणि मी खुर्चीत बसावं म्हणून हे सगळं करतेस. तोंडावर सांगायचा धीरच झाला नाही.

गुरुवार, दुपार
गॅरेजचं मी समजू शकते. रोज सकाळी क्लासची बॅग घेऊन निघालास, ते नाही समजत. राग आहेच, लगेच जाणार नाही.

काल भाऊंना तुझी चिठ्ठी दाखवली. चष्मा लावून दोनदा वाचली त्यांनी. फिल्टर खरंच चोक होता. आज वर्कशॉपच्या फोरमन साहेबांना भेटले. आयटीआय झालेल्या मुलांना एसटीत अप्रेंटिस घेतात, पण पुढे नोकरी लागेलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. ते तू करायचंस. माझी एवढी अट.

शुक्रवार, सकाळ
मान्य. फॉर्म ऑनलाइन भरलाय, तो निश्चित करायला मूळ कागद घेऊन आयटीआयत जावं लागतं. उरलेली फी परत मागायला क्लासात मी एकटा जाईन, तू नको येऊस. तुला ऐकून घ्यावं लागेल.

शुक्रवार, दुपार
उद्या रजा टाकलीय. दाखला आणि मार्कशीट कपाटाच्या खालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत. नखं नीट घास. आधी आयटीआय, मग क्लास. तिथे मी बोलेन, तू नुसता शेजारी उभा राहा.