कॅप्शन टाकू नकोस, आधी हे वाच

अरे थांब, पोस्ट करू नकोस अजून. बॅच भरायचीये आणि बाकीचे सगळे असंच लिहितात हे कळतंय मला, पण तू लिहिलंयस काय बघ जरा:

"३० दिवसांत १० किलो कमी, गॅरंटी! पोटाची चरबी मुळापासून गायब. डाएटची कटकट नाही. रिझल्ट नाही तर पैसे परत!"

आता १० किलोचा हिशोब कर. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, १० किलोचे झाले ७७ हजार, भागिले ३०, म्हणजे रोज अडीच हजारांपेक्षा जास्त तूट पाहिजे, अरे बरेच लोक दिवसभरात खातातच तेवढं, मग महिनाभर उपाशी ठेवणारेस का त्यांना? पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो त्यात बरंचसं पाणी असतं हे तूच मला सांगितलं होतंस, आणि आता तेच पाणी चरबी म्हणून विकतोयस.

पोटाचं पण तसंच. क्रंचेसनी पोटाचे स्नायू मजबूत होतात, चरबी ठरवून तिथलीच उतरत नाही. आणि "डाएटची कटकट नाही" हे तर तू कुठल्या तोंडाने लिहिलंस, स्वतः प्रत्येकाला जेवणाचे फोटो मागतोस की!

पैसे परत देणार असशील तर कधी आणि कशावर ते सरळ लिही, नसशील तर ती ओळच काढ. खाली बारीक अक्षरात "रिझल्ट वेगवेगळे असू शकतात" टाकून भागत नाही, वरचा आकडाच लोक लक्षात ठेवतात.

मी असं केलंय, बघ जमतंय का:

"नवीन बॅच, १२ आठवडे. आठवड्यातून ३ दिवस स्ट्रेंथ ट्रेनिंग, बाकी दिवस चालणं. किती किलो उतरतील हे आधी सांगता येत नाही, ते तुमचं खाणं, झोप, वय, तब्येत आणि किती नियमित येता यावर आहे. ज्यांना वजन कमी करायचंय त्यांच्यासाठी आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सुरक्षित वेग मानतात, काही आठवडे काटा हलणारही नाही. फक्त पोट कमी करणारा व्यायाम माझ्याकडे नाही. खाण्यात बदल करावे लागतील, ते आपण मिळून ठरवू. बीपी, शुगर, गुडघ्याचा त्रास असेल किंवा प्रेग्नंट असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझ्याकडून काय मिळेल: फॉर्मवर लक्ष, तुम्हाला झेपेल असा प्लॅन आणि दर २ आठवड्यांनी मोजमाप."

लांब झालंय थोडं, कापायचं तर चालण्याचं काप, डॉक्टरवाली ओळ ठेव. आणि तो बिफोर-आफ्टर फोटो, तिला १४ महिने लागलेत ना? मग फोटोवरच "१४ महिने" लिही, आणि आधी तिला विचार टाकू का म्हणून.