फास्ट नको, बंद पडायला नको

तीन पायांच्या त्या काळ्या रेग्युलेटरला बोट लागलं आणि वैष्णवीने हात झटकला. भाजलंच. गच्चीच्या कठड्यावर सोलर पॅनेल टेकवलेलं, त्याच्या मागे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं सर्किट, आणि सर्किटच्या टोकाला आईचा मोबाइल. चार्जिंगचं चिन्ह मिनिटभर दिसायचं, मग गायब. थोड्या वेळाने परत.

पॅनेल ५ वॉटचं, नावाला बारा व्होल्टचं. मेनरोडमागच्या गल्लीत सुटे भाग विकणाऱ्या काकांकडून घेतलेलं. सोबत त्यांनीच ७८०५ रेग्युलेटर दिला होता. "आत काहीही येऊ दे, बाहेर पाचच निघणार," म्हणाले होते. त्यात खोटं काही नव्हतं. मल्टिमीटर ५.०२ दाखवत होता.

खरं तर शाळेत सोलर चार्जर म्हटल्यावर बाईंनी आधी नाक मुरडलं होतं. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी तीन-चार तरी सोलर चार्जर येतातच, आणि त्यातले निम्मे परीक्षक समोर आले की बंद पडतात. "तुला कशाला हवाय तो?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा वैष्णवीने आईच्या दुकानाचं सांगितलं. दुकान कसलं, ताडपत्रीच. आई पहाटे दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डातून पालेभाजी उचलते आणि बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात बसते. हल्ली दहा रुपयांची कोथिंबीर घेणाराही स्कॅन करतो. दुपारी दोनच्या सुमारास मोबाइल मान टाकतो, मग पैसे आले की नाही ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर विश्वास ठेवून धरायचं. बाईंनी वहीत नाव लिहून घेतलं.

रविवारी मामा आला. अंबडच्या एका कारखान्यात तो वायरिंगचं काम करतो, त्यामुळे घरातल्या सगळ्या विजेच्या भानगडी त्याच्याकडे.

"पॅनेलकडून किती येतात?"

"काही जोडलं नाही तर एकवीस. मोबाइल लावला की अठरा."

"आणि करंट?"

"पाव अँपिअर."

"बाहेर पाच व्होल्ट, करंट तोच पाव. मग मधले तेरा व्होल्ट गेले कुठे?"

वैष्णवीने भाजलेलं बोट पुढे केलं.

मामा हसला. तेरा गुणिले पाव म्हणजे सव्वातीन वॉट नुसती उष्णता, आणि मोबाइलला मिळतात सव्वा वॉट. वर तो रेग्युलेटर फारच तापला की जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो, निवला की पुन्हा चालू. चिन्ह येत-जात होतं ते म्हणून.

आई शेजारी मेथीच्या जुड्या बांधत होती. ती म्हणाली, "म्हणजे अठरा रुपये देऊन पाचची जुडी घ्यायची, अन् सुट्टे मागायचेच नाहीत?"

"ताई, अगदी बरोबर! सुट्टे परत देणारं मॉड्यूल मिळतं. बक कन्व्हर्टर म्हणायचं त्याला."

ते मॉड्यूल काड्यापेटीएवढं निघालं. त्यावर तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आणि एक छोटी निळी डबी, डबीच्या डोक्यावर पितळी स्क्रू. आतली चिप सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा वीज चालू-बंद करते, गुंडाळी ती ऊर्जा साठवते आणि पुढे सोडते. व्होल्ट कमी होतात, पण त्या बदल्यात करंट वाढतो. वाया जाणारा भाग थोडाच. मामाने एकच ताकीद दिली, मोबाइल जोडण्याआधी स्क्रू फिरवून पाच व्होल्ट लाव, कारण दुकानातून आलेलं मॉड्यूल किती व्होल्टवर लावलेलं असेल त्याचा नेम नसतो. बरं झालं सांगितलं. पहिल्यांदा मीटर टेकवला तर साडेबारा! वैष्णवीने बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू उलटा फिरवायला घेतला. बरेच आटे फिरले तरी आकडा ढिम्म, आणि मग एकदम उतरायला लागला. ५.१ वर थांबून तिने स्क्रूवर ताईच्या नेलपॉलिशचा थेंब टाकला, म्हणजे धक्क्याने हलायला नको. गुलाबी थेंब अजून आहे.

आता काही गरम होत नव्हतं. पण नवीनच तमाशा सुरू झाला. मोबाइल लावला की "टुंग", दोन सेकंदांनी बंद, परत "टुंग". आजी खालून ओरडली, "अगं, कोणाचा एवढा फोन येतोय?"

इथे वैष्णवी दोन-तीन संध्याकाळ अडकली. तिने सगळे जोड पुन्हा सोल्डर केले, केबल बदलली, मॉड्यूलवर संशय घेतला. दोष भलतीकडेच होता. यूएसबीच्या जागेला चार पाय असतात. कडेचे दोन विजेचे, मधले दोन माहितीचे. एका व्हिडिओत मधले दोन एकमेकांना जोडायला सांगितलं होतं, म्हणजे मोबाइलला आपण भिंतीवरच्या चार्जरला लागलोय असं वाटतं आणि तो फास्ट चार्ज होतो. तिने जोडले होते. मोबाइलला तसं वाटलंही. त्याने भिंतीवरच्या चार्जरकडे मागावा तसा अँपिअरच्या वर करंट मागितला, आणि ५ वॉटच्या पॅनेलने हात टेकले. व्होल्ट धाडकन खाली, मोबाइल सुटला. सुटला म्हणून पॅनेलचे व्होल्ट पुन्हा वर, मोबाइलला पुन्हा आशा.

हे तिला कळलं ते दुकानातल्या काकांकडून उसन्या आणलेल्या यूएसबी मीटरमुळे. अंगठ्याएवढी ती वस्तू मध्ये खोचली की व्होल्ट आणि अँपिअर शेजारी शेजारी दिसतात. "टुंग"च्या आधी अँपिअर चढायचे आणि त्याच क्षणी व्होल्ट पाचावरून चाराच्या खाली जायचे. तिने मधल्या पायांवरचं सोल्डर काढून टाकलं. मोबाइल अर्ध्या अँपिअरवर शांत बसला. अडीच वॉट. हे पॅनेलला सहज झेपत होतं, जरा ऊन मंद झालं तरी.

"पण मग हळू होईल की," ताई म्हणाली.

"होऊ दे. आईला फास्ट नकोय, बंद पडायला नकोय."

बुधवारी बाजारात नेलं आणि अर्धा अँपिअर पुन्हा नाहीसा झाला. ताडपत्रीच्या बांबूला वर पॅनेल, तिथेच मॉड्यूल, आणि खाली आईच्या पाटापर्यंत घरातल्या बेलची जुनी बारीक वायर. मीटरवर ४.५ व्होल्ट, तेही खालीवर. पाच व्होल्टमधून अर्धा व्होल्ट वायरीनेच खाल्ला तर राहिलं काय? तिने मॉड्यूल खाली आणलं आणि तीच वायर पॅनेल ते मॉड्यूल अशी लावली. वायरीतून आता अठरा व्होल्ट येत होते. तेवढ्याच वॉटला करंट फार कमी लागतो, आणि अठरातले थोडे हरवले तरी मॉड्यूल खाली पाच भरून देतं.

साडेअकराला पुन्हा बंद. या वेळी तिने सर्किटला हातही लावला नाही, मान वर केली. बांबूची सावली सरकत पॅनेलवर आली होती, जेमतेम दोन बोटं रुंद. पॅनेल तर जवळजवळ सगळं उन्हात होतं. पण त्यातल्या ३६ पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात आणि करंट सगळ्यांतून तोच जातो. एक पट्टी अंधारात गेली की बाकीच्या पस्तीस तिच्यामागे खोळंबतात. वैष्णवी पाटीवर चढली आणि पॅनेल बांबूच्या दक्षिणेच्या अंगाला बांधलं. तिरपं किती ठेवायचं ते तिने घरीच ठरवलं होतं. डिसेंबरात साडेबाराला उभ्या फूटपट्टीची सावली जवळपास फूटपट्टीएवढीच पडते, म्हणजे सूर्य साधारण ४५ अंशांवर. पॅनेलही तितकंच कललेलं हवं. तिथून अडीचपर्यंत मीटरवरचा आकडा फारसा हलला नाही.

शेजारी लसूण विकणाऱ्या शेवंताआजींनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "पोरी, पतंग अडकवलाय का काय?"

प्रदर्शनाच्या दिवशी टेबल मिळालं वर्गाच्या आतल्या भिंतीला. उन्हाचा पत्ता नाही. शेजारच्या मुलाने पॅनेल ट्यूबलाइटखाली धरलं होतं आणि मीटरवर चौदा व्होल्ट बघून तो खूश होता. व्होल्ट दिसतातच. करंट काढायला गेलं की काही हाती लागत नाही. वैष्णवीने पिशवीतून वायरचं वेटोळं काढलं आणि पॅनेल खिडकीतून थेट मैदानात, घसरगुंडीच्या पायरीवर नेऊन ठेवलं. लांब वायरचं तिला आता भय नव्हतं. एका सातवीतल्याला तिथे राखणीला बसवलं, वेफर्सच्या पुड्याच्या बोलीवर.

परीक्षक दोघं आले. सरांनी घड्याळाकडे बघतच विचारलं, "किती वेळात फुल्ल होतो?"

बहुतेक टेबलांवर "दोन तासांत" असं उत्तर मिळत होतं.

"फुल्ल व्हायला नऊ-दहा तास लागतील सर. म्हणजे एका दिवसात नाहीच होणार."

सरांनी मान वर केली.

"बॅटरी ५००० एमएएचची आहे, साधारण १९ वॉट-तास. माझ्याकडून जातात अडीच वॉट, त्यातले थोडे वाया. बाजार दहा ते तीन. पाच तासांत निम्मा भरतो, आणि मोबाइल चालूच असतो म्हणून दिसताना त्याहून कमी दिसतो. पण दोनला बंद पडायचा तो पडत नाही."

"ढग आले तर?" मॅडमनी विचारलं.

"थांबतो. ऊन आलं की आपोआप सुरू."

"मग आत एक बॅटरी का नाही बसवली?"

"बसवता येते. पण लिथियमचा सेल दिवसभर उन्हात डब्यात ठेवायचा, तो तापणार. आणि आईचा मोबाइल म्हणजे बॅटरीच आहे की."

मॅडम काही बोलल्या नाहीत, पण कागदावर बराच वेळ लिहीत होत्या. सरांनी गुलाबी थेंबाकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"नेलपॉलिश, सर."

दुसरा नंबर आला. पहिला सांडपाण्यावर काम केलेल्या मुलांना, आणि ते काम चांगलंच होतं, वैष्णवीने स्वतः जाऊन दोनदा पाहिलं.

पुढच्या बुधवारी शेवंताआजी लसणाची पाटी सोडून आईच्या ताडपत्रीखाली आल्या. हातात मोबाइल, त्याला रबर लावलेलं.

"दोन मिंटं लाव गं याला पण."

"आजी, दोन लावले तर दोन्ही बंद पडतील. एका वेळी एकच."

"मग तुझ्या आईचा काढ."

"आईचा एकपर्यंत. त्यानंतर तुमचा."

"एकनंतर तो केळीवाला येईल बघ मध्ये घुसायला," आजी म्हणाल्या आणि पाटावरचा कोथिंबिरीचा कागद ओढून वैष्णवीपुढे सरकवला. "लिही इथं. शेवंता, एक वाजता. वर लिही, त्याच्या वर."