वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना व कार्यक्रमपत्रिका

जावक क्रमांक 14/2025-26
टिळकवाडी, बेळगाव
दिनांक 23 ऑगस्ट 2025

प्रति,
अ, ब आणि क विंगमधील सर्व 48 सदनिकाधारक

सप्रेम नमस्कार,

सोसायटीची 2024-25 या वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, 14 सप्टेंबर 2025 रोजी सकाळी ठीक 9.30 वाजता अ विंगखालच्या पार्किंगमध्ये बोलावली आहे. सभा 11.30 ला संपेल. नोंदणीचे टेबल 9.10 ला सुरू होईल. शनिवारी रात्री 9 पर्यंत अ विंगखालच्या गाड्या मागच्या अंगणात लावाव्यात, नाहीतर खुर्च्या मांडायला जागा राहत नाही.

तारीख अशी का, हे आधीच सांगतो. अनंत चतुर्दशी 6 तारखेला आहे आणि आपल्याकडची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणून 7 चा रविवार सोडला. 21 ला सर्वपित्री अमावस्या, 22 ला घटस्थापना. 14 तारीख पितृपक्षातलीच आहे, पण सभा साडेअकराला संपत असल्याने ज्यांच्या घरी त्या दिवशी श्राद्ध आहे त्यांनाही वेळेत वर जाता येईल. संध्याकाळी भारत-पाकिस्तान सामना असल्यामुळे ती वेळ सुचवण्याचे धाडस कोणी केले नाही.

गणपूर्ती. आपल्या उपविधीप्रमाणे 16 सदनिकांची उपस्थिती लागते. ती 9.30 ला नसेल तर सभा तहकूब होऊन त्याच जागी 10.00 वाजता, त्याच विषयांवर, गणपूर्तीची अट न लावता भरेल आणि खालच्या सगळ्या वेळा अर्ध्या तासाने पुढे जातील. मात्र "दहालाच जाऊ" असे ठरवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एक लाखावरच्या दुरुस्तीखर्चाला किमान 24 सदनिका हजर लागतात आणि ही अट तहकूब सभेलाही लागू आहे. 24 भरले नाहीत तर विषय 3 घेता येणार नाही. त्यासाठी पुन्हा 21 दिवसांची सूचना काढून विशेष सभा बोलवावी लागेल, आणि तोवर दिवाळी येईल.

कार्यक्रमपत्रिका

1. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे (9.30 ते 9.35). प्रत सोबत आहे. नोंद चुकली असेल तर तेवढेच सांगावे. गेल्या वर्षीचा निर्णय बरोबर की चूक ही चर्चा इथे होणार नाही.

2. वार्षिक अहवाल व लेखापरीक्षित हिशेब 2024-25 (9.35 ते 9.55). देखभाल वर्गणीची आकारणी 8,64,000 रुपये, प्रत्यक्ष जमा 7,92,000 रुपये, खर्च 8,31,000 रुपये. तूट 39,000 रुपये, ती मागील शिलकीतून भरली. खर्च असा: दोन वॉचमन 3,12,000, सामाईक वीज 1,56,000, सफाई 1,20,000, तीन लिफ्टची देखभाल 90,000, पाण्याचे टँकर 78,000, किरकोळ 75,000. लेखापरीक्षकांचा अहवाल कन्नडमध्ये आहे, त्याचा मराठी गोषवारा जोडला आहे.

3. ब विंगच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग (9.55 ते 10.30). क्षेत्र 3,200 चौरस फूट. दुरुस्ती निधीत 4,10,000 रुपये आहेत. वेगळी वर्गणी मागितलेली नाही. तीन दरपत्रके आली आहेत:

– विटांच्या तुकड्यांचा कोबा: चौरस फुटाला 110 रुपये, एकूण 3,52,000, हमी 10 वर्षे.
– मेंब्रेन आणि त्यावर सिमेंटचा संरक्षक थर: 95 रुपये, एकूण 3,04,000, हमी 7 वर्षे.
– रासायनिक लेप: 55 रुपये, एकूण 1,76,000, हमी 3 वर्षे.

समितीची शिफारस मेंब्रेनची आहे. कोब्याचे वजन जुन्या स्लॅबवर टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागेल. लेप स्वस्त आहे, पण आपल्या पावसात आणि गच्चीवरच्या वावरात तो टिकेल असे आम्हाला वाटत नाही. कोणतीही पद्धत निवडली तरी काम नोव्हेंबरमध्येच सुरू करायचे. ओल्या स्लॅबवर थर बसवला की आतली ओल वाफ होऊन वर येते आणि फुगे धरतात. काम संपल्यावर गच्चीत 48 तास पाणी साठवून खाली ओल येते का ते पाहायचे. बिलातले दहा टक्के पुढच्या पावसाळ्यानंतरच द्यायचे.

गच्ची प्रत्यक्ष पाहण्यासाठी बुधवार, 10 सप्टेंबरला संध्याकाळी 5.30 वाजता तिन्ही कंत्राटदार येतील. साहित्य, जाडी, पन्हाळी यांचे प्रश्न तिथेच विचारावेत. सभेतली 35 मिनिटे निवड करण्यासाठी आहेत.

4. अंदाजपत्रक 2025-26 आणि वर्गणी (10.30 ते 10.55). 1 ऑक्टोबरपासून वर्गणी 1,500 वरून 1,800 रुपये करण्याचा प्रस्ताव. वर्षाची आकारणी 9,50,400, अंदाजे खर्च 9,10,000. उरलेले 40,400 दुरुस्ती निधीत. वाढ नको असलेल्यांनी कोणता खर्च कमी करायचा तेही सांगावे.

5. थकबाकी (10.55 ते 11.10). वर्षअखेर पाच सदनिकांकडे मिळून 72,000 रुपये. नावे वाचली जाणार नाहीत. सहा मासिक हप्त्यांची सवलत द्यायची का, एवढाच ठराव आहे.

6. लेखापरीक्षकांची नेमणूक 2025-26 (11.10 ते 11.15).

7. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय (11.15 ते 11.30). यात पैशाचा किंवा उपविधी बदलण्याचा निर्णय होणार नाही. तसा ठराव मांडायचा असल्यास बुधवार, 3 सप्टेंबरपर्यंत सूचक आणि अनुमोदकाच्या सहीने सचिवांकडे द्यावा. तो सुधारित पत्रिकेत येईल.

हिशेब पाहण्यासाठी वह्या आणि व्हाउचर 8 ते 12 सप्टेंबर, संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत कार्यालयात खुली आहेत. हिशेबाचे प्रश्न शुक्रवार, 12 तारखेच्या रात्री 8 पर्यंत लेखी द्यावेत. व्हाउचर शोधून ठेवता आले तरच सभेत नेमके उत्तर मिळते. आयत्या वेळी विचारले तर "पाहून सांगतो" याशिवाय खजिनदारांकडे दुसरे उत्तर नसते.

बोलण्याची पद्धत. हात वर करून नाव नोंदवावे आणि माइक मिळाल्यावर अध्यक्षांना उद्देशून बोलावे. एका विषयावर दोन मिनिटे; दुसरी संधी बाकीच्यांचे बोलून झाल्यावर. मराठी, कन्नड कोणत्याही भाषेत बोलावे, ठराव दोन्ही भाषांत वाचला जाईल. मताला टाकण्याआधी ठरावाचे शब्द फळ्यावर लिहिले जातील, कारण "आपण नक्की कशाला हात वर केला" हा वाद नंतरच होतो. वरच्या मजल्याची गळती, शेजाऱ्याची गाडी, कुत्रा अशा घरगुती तक्रारींची वही नोंदणी टेबलावर असेल. त्यांची उत्तरे 20 सप्टेंबरपर्यंत लेखी मिळतील.

मतदान. एका सदनिकेला एक मत. नोंदणीच्या वेळी पिवळे कार्ड मिळेल, तेच वर करायचे. संयुक्त मालकीत दाखल्यावर पहिले नाव असलेल्याचे मत. ते नसतील तर दुसऱ्या मालकाने त्यांचे सहीचे पत्र आणावे. पुण्यात, गोव्यात किंवा परदेशात असलेल्यांनी घरच्या व्यक्तीला किंवा दुसऱ्या सदस्याला अधिकारपत्र द्यावे. त्यात सदनिका क्रमांक, सभेची तारीख, दोघांची नावे व सह्या हव्यात. एका व्यक्तीकडे एकच अधिकारपत्र चालेल आणि ते 13 तारखेच्या संध्याकाळी 6 पर्यंत पोचावे. व्हॉट्सॲपवरचा "माझा होकार समजा" हा निरोप मत धरला जात नाही. भाडेकरूंनी ऐकायला जरूर यावे, मत मात्र मालकाचेच.

प्रत्येक विंगचे प्रतिनिधी 11 आणि 12 सप्टेंबरला दारोदार येऊन कोण येणार याची नोंद घेतील. ज्येष्ठांसाठी पुढच्या दोन रांगा राखीव आहेत. क विंगची लिफ्ट त्या दिवशी बंद पडल्यास वॉचमन खुर्चीने खाली आणतील. उप्पीट, चहा आणि कुंदा 11.30 नंतर, सभा संपल्यावरच.

इतिवृत्ताचा मसुदा 21 सप्टेंबरपर्यंत तिन्ही सूचनाफलकांवर लागेल. नोंदीतल्या दुरुस्त्या 28 तारखेपर्यंत लेखी द्याव्यात.

व्यवस्थापक समितीच्या आदेशावरून,
सचिव

सोबत: मागील इतिवृत्त, हिशेबपत्रके, लेखापरीक्षण अहवालाचा मराठी गोषवारा, तीन दरपत्रकांचा तक्ता. या सूचनेची कन्नड प्रत कार्यालयात आणि फलकावर उपलब्ध.