डेव्हलपमेंटकडून सिक्युरिटीकडे वळायचंय, थोडं मार्गदर्शन हवं होतं

नमस्कार मॅडम,

मी अमोल. पुण्यात सहा वर्षं जावा आणि स्प्रिंग बूटवर बॅकएंडचं काम करतोय. गेल्या महिन्यात थ्रेट मॉडेलिंगवरचं तुमचं सेशन ऐकलं. नंतर चहाच्या रांगेत दोन मिनिटं बोललोही होतो. तुम्हाला आठवत नसेल, साहजिक आहे.

सिक्युरिटीचं वेड एका फजितीतून लागलं. मीच लिहिलेल्या एपीआयमध्ये `/invoices/1042` ऐवजी `/invoices/1043` टाकलं की दुसऱ्याच ग्राहकाचं बिल उघडायचं. युजर लॉगिन आहे का, एवढंच मी तपासलं होतं. बिल त्याचंच आहे का, हे नाही. रिव्ह्यू झाला होता, सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. नशीब, रिलीजच्या आधी टेस्टरला सापडलं. तेव्हापासून रात्री पोर्टस्विगरच्या लॅब सोडवतोय. ॲक्सेस कंट्रोलच्या झाल्या, एसएसआरएफमध्ये अडकलोय.

आता खरा पेच. जो तो म्हणतो, ओएससीपी कर. पण त्यात भर नेटवर्क आणि मशीन फोडण्यावर, आणि मला ओढ आहे ती कोड वाचून चुका शोधण्याची. फी भरण्याआधी विचारावंसं वाटलं: ॲपसेकमध्ये यायला ती परीक्षा लागतेच का? की आहे त्याच टीममध्ये सिक्युरिटी रिव्ह्यूचं काम मागून घेऊ?

पुढचे तीन महिने, महिन्यातून एकदा अर्धा तास देऊ शकाल का? प्रश्न आणि केलेलं काम दोन दिवस आधी मेल करीन. नोकरीसाठी रेफरल मागत नाहीये. जमणार नसेल तर तसं कळवा, अजिबात वाईट वाटणार नाही.

आपला,
अमोल