गुरुवारी एक दिवस सुट्टी हवी आहे

मॅडम, फोनच करणार होते, पण फोनवर मी एकतर गरजेपेक्षा जास्त बोलते नाहीतर 'काही नाही, असंच' म्हणून मोकळी होते, म्हणून लिहितेय. आज संध्याकाळपर्यंत बघितलंत तर बरं होईल.

मला परवा, गुरुवारी, सुट्टी हवी आहे. पूर्ण दिवस, हाफ डे नको. कारण तब्येतीचंच आहे. ताप-सर्दी असलं काही नाही आणि ऑफिसात येऊन खुर्चीत बसता येणार नाही असंही नाही, पण गेले काही आठवडे डोक्याला जराही उसंत नाहीये आणि आता एक दिवस खरंच थांबायला हवं असं वाटतंय. काय, कशामुळे, ह्या खोलात मी जाणार नाही, ते माझ्यापाशीच राहू दे. काळजी करण्यासारखं असतं तर एक दिवस मागितलाच नसता.

कामावर परिणाम दिसायला लागलाय म्हणून आत्ताच सांगतेय. काल व्हेंडर स्टेटमेंट जुळवताना ५४० चा फरक येत होता. फरकाला ९ ने भाग गेला की आधी आकडे उलटसुलट पडलेत का बघायचं, हे मी स्वतः नव्या मुलांना शिकवते, आणि काल मीच पाऊण तास एकेक बिल उघडून बघत बसले. शेवटी निघालं काय, तर १,२८० च्या जागी मी १,८२० टाकलं होतं. पेमेंट गेलं नव्हतं, एन्ट्री लगेच सुधारली, नुकसान काही नाही. पण माझ्याकडून हे होत नाही, तुम्हालाही माहितीये. शुक्रवारच्या पेमेंट रनला असलं काही निसटण्यापेक्षा गुरुवारी मी नसलेलीच बरी.

गुरुवारच का, तर त्या दिवशी माझ्याकडे कुणाला थांबून राहावं लागेल असं काही नाहीये आणि मंथ एंड पुढच्या आठवड्यात आहे. शुक्रवारची पेमेंट लिस्ट मी उद्या दुपारपर्यंत पूर्ण करून तुमच्याकडे अप्रूव्हलला टाकते. दोन बिलं होल्डवर आहेत, एकाचा पीओ नंबर चुकलाय आणि दुसऱ्यात माल कमी आलाय, दोन्ही व्हेंडरना मेल गेलाय, उत्तर आलं तरी शुक्रवारी मी आल्यावरच बघते, मध्ये कुणी रिलीज करू नका प्लीज. इनबॉक्सवर अजिंक्य लक्ष ठेवेल, त्याला विचारलंय, हो म्हणालाय. त्याला फक्त 'सुट्टीवर आहे' एवढंच सांगितलंय.

टीममध्ये कुणी विचारलं तर तुम्हीही तेवढंच सांगाल का? सगळे चांगल्या मनाने विचारतात, पण मग दहा जणांचे 'काय गं, काय झालं' येतात आणि दहा जणांना उत्तरं देण्यातच सुट्टी संपते (मागच्या वेळी वर लॅपटॉपही उघडून बसले होते, तो गाढवपणा माझाच). त्यामुळे ह्यावेळी चॅट बंद ठेवतेय. पेमेंट अडकलं, बँकेकडून फोन आला, असं खरंच काही असेल तर तुम्ही सरळ कॉल करा, मी उचलेन. बाकीचं शुक्रवारी.

पोर्टलवर सिक लिव्ह टाकतेय, कारणाच्या रकान्यात 'तब्येत बरी नाही' एवढंच लिहीन. आपल्याकडे सर्टिफिकेट तिसऱ्या दिवसापासून लागतं, म्हणजे एका दिवसाला प्रश्न यायला नको. तरी एचआरने काही विचारलंच तर मला सांगा, मी स्वतः बोलते त्यांच्याशी, तुम्हाला मध्ये अडकवायचं नाहीये. आणि सिकऐवजी कॅज्युअलमध्ये टाकलेलं तुम्हाला सोपं जात असेल तर तसं टाकते, माझं काही म्हणणं नाही, सुट्टी मिळाल्याशी मतलब.

गुरुवार अगदीच अडचणीचा असेल तर सोमवार चालेल, पण त्याच्या पुढे नको ढकलूया. मंथ एंड सुरू झाला की मीच मागणार नाही आणि मग राहूनच जाईल.

हो की नाही तेवढं कळवा, म्हणजे उद्या सकाळी आल्या आल्या लिस्टला हात घालते.

– मृणाल