तपशीलवार बिल आणि पॅकेजचे ब्रेकअप मिळण्याबाबत विनंतीपत्र

दि. १२ नोव्हेंबर २०२५
पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
आंतररुग्ण बिलिंग विभाग

विषय : आयपी क्र. २५११०३/०४१८, रुग्ण श्रीमती सुमन गंगाधर कुलकर्णी, वय ६७, उजव्या गुडघ्याचे प्रत्यारोपण. विमा दाव्यासाठी तपशीलवार बिल व पॅकेजचे ब्रेकअप मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

माझी आई ३ ते ७ नोव्हेंबर आपल्याकडे दाखल होती. शस्त्रक्रिया ४ तारखेला झाली. कॅशलेस झाले नाही, म्हणून आम्ही पूर्ण २,८४,६०० रु. भरले (३ तारखेला १,००,००० अनामत, ७ तारखेला १,८४,६००) आणि आता प्रतिपूर्तीचा दावा करत आहोत. डिस्चार्जच्या वेळी मिळाले ते समरी बिल आहे. त्यात ‘टीकेआर पॅकेज २,३५,०००’ ही एक ओळ आणि पॅकेजबाहेरचे ४९,६०० रु. पाच ओळींत आहेत. एवढ्यावर विमा कंपनी दावा तपासत नाही, क्वेरी काढते.

पॅकेजच्या २,३५,००० रुपयांची फोड अशी हवी आहे : खोलीभाडे (दर आणि दिवस), नर्सिंग, सर्जन, सहायक सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी शुल्क, इम्प्लांट, पॅकेजमधली औषधे व साहित्य, फिजिओथेरपी. बेरीज रुपयाला रुपया २,३५,००० यावी. हे ब्रेकअप त्याच बिल क्रमांकाचा उल्लेख करून, सही-शिक्क्यासह द्यावे. बिल क्रमांक नसलेले लेटरहेडवरचे पत्र मूळ बिलाशी जोडता येत नाही आणि परत येते.

खोलीभाडे वेगळे दिसणे आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. पॉलिसीत मर्यादा रोज ५,००० रु. आहे आणि आपल्या दरपत्रकात डबल शेअरिंग ४,५०० रु. आहे, म्हणजे आम्ही मर्यादेत आहोत. पण बिलावर दर नसेल तर हे दाखवायचे कशावरून? खोली मर्यादेबाहेरची धरली गेली, तर कपात भाड्यापुरती थांबत नाही; सर्जन, ओटी, नर्सिंग यांच्या रकमाही त्याच प्रमाणात कमी होतात. दिवस चार धरले की पाच, हेही लिहावे.

इम्प्लांटचे नाव, उत्पादक किंवा आयातदार, बॅच क्रमांक आणि किंमत प्रत्येक भागासाठी (फीमरचा भाग, टिबियाचा भाग, मधला इन्सर्ट, बोन सिमेंट) स्वतंत्र हवी. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ऑगस्ट २०१७ च्या आदेशातही बिलावर हा तपशील वेगळा दाखवणे रुग्णालयावर बंधनकारक केलेले आहे. सोबत पुरवठादाराच्या इन्व्हॉइसची प्रत आणि ओटी नोंदीवर चिकटवलेल्या स्टिकरची प्रत द्यावी. तिन्हीकडचा बॅच क्रमांक एकच असावा. इथे एक आकडा चुकला तरी दावा अडतो.

पॅकेजबाहेरच्या ओळींबद्दल :

औषधे व साहित्य २१,३४० – तारीख, नग, बॅच आणि एमआरपीसह. ६ तारखेला परत केलेल्या औषधांची क्रेडिट नोट समरीत दिसत नाही. ती वजा झाली का, पाहावे. ‘ओटी किट’ अशी एकच ओळ असेल तर आतल्या वस्तू लिहाव्यात.

तपासण्या ११,८६० – तपासणीनिहाय दर आणि तारखा. प्रत्येकीचा रिपोर्ट दाव्यासोबत जोडावा लागतो.

फिजिशियन व्हिजिट ६,००० – तारखा आणि दर.

फिजिओथेरपी ४,००० – दाखल होताना दिलेल्या अंदाजपत्रकात चार सत्रे पॅकेजमध्ये धरलेली आहेत. ही रक्कम त्यापुढच्या सत्रांची असेल तर सत्रांच्या तारखा द्याव्यात. त्याच चार सत्रांची असेल तर परत करावी.

‘इतर’ ६,४०० – यात नेमके काय आहे? नोंदणी, फाइल, जैववैद्यकीय कचरा असे न मिळणारे खर्च आणि मिळणारे खर्च एकाच ओळीत असले की सगळी ओळच नामंजूर होते. म्हणून त्यांची फोड आवर्जून करावी.

बिलावर आईचे नाव ‘सुमन कुलकर्णी’ आहे; पॉलिसीप्रमाणे पूर्ण नाव घालावे. त्यासाठी बिल बदलावे लागले तर हाताने खाडाखोड न करता सुधारित बिल काढावे आणि जुने रद्द केल्याची नोंद त्यावर असावी. दोन्ही भरणा पावत्यांवरही तोच आयपी क्रमांक हवा.

याबरोबर दावा अर्जाचा भाग ब रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्क्यासह भरून मिळावा.

दावा दाखल करण्याची मुदत डिस्चार्जपासून ३० दिवस, म्हणजे ७ डिसेंबर आहे. तो रविवार आहे. क्वेरी आलीच तर उत्तराला वेळ उरावा म्हणून कागद २१ नोव्हेंबरपर्यंत मिळावेत ही कळकळीची विनंती. तयार झाले की नोंदणीतल्या मोबाइलवर कळवावे, मी स्वतः येऊन नेईन. या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.

आपला,
माधव गंगाधर कुलकर्णी
(रुग्णाचा मुलगा व पॉलिसीधारक)

सोबत : समरी बिल, दोन्ही पावत्या, डिस्चार्ज कार्ड, अंदाजपत्रक यांच्या प्रती; आईच्या सहीचे अधिकारपत्र; दावा अर्जाचा कोरा भाग ब.