आपले ‘पाणथळीतील पक्षी : ओळख आणि निरीक्षण’ हे पान अप्रकाशित केल्याबाबतची सूचना

सप्रेम नमस्कार.

आपल्या वरील पानाविरुद्ध आमच्याकडे कॉपीराइटभंगाची तक्रार आली असून, तिच्या प्राथमिक छाननीनंतर ते पान १२ मार्च रोजी सकाळी अप्रकाशित करण्यात आले आहे. पान हटवलेले नाही. त्यातील मजकूर, छायाचित्रे, वाचकांच्या प्रतिक्रिया आणि पानाचा पत्ता हे सर्व आपल्या खात्यात जसेच्या तसे आहे. आपल्याखेरीज इतरांना मात्र ते सध्या दिसणार नाही. आपली इतर पाने नेहमीप्रमाणे सुरू आहेत.

तक्रार पानावरील तीन छायाचित्रांपुरती आहे : शेकाट्याचे उडतानाचे छायाचित्र, जांभळ्या पाणकोंबडीचे पिलासह छायाचित्र आणि खंड्याचे मासा पकडतानाचे छायाचित्र. ही तिन्ही स्वतः काढलेली असून ती वापरण्याची परवानगी कोणालाही दिलेली नाही, असे तक्रारदार छायाचित्रकाराचे म्हणणे आहे. आपण लिहिलेल्या वर्णनाबद्दल त्यांची काहीही हरकत नाही, आणि तशी हरकत टिकलीही नसती. कारण पक्ष्याचा रंग, आकार किंवा विणीचा हंगाम या माहितीवर कोणाचाही कॉपीराइट नसतो, तो असतो ती माहिती मांडणाऱ्या विशिष्ट शब्दांवर किंवा चित्रावर. तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. पुढचे पाऊल ठरवण्यापूर्वी ती संपूर्ण वाचावी.

तिन्ही छायाचित्रांखाली आपण छायाचित्रकाराचे नाव दिले होते, याची आम्ही नोंद घेतली आहे. त्यातून आपला हेतू चांगला होता हे दिसते, परंतु श्रेय देणे म्हणजे परवानगी मिळणे नव्हे. हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की तो येथे स्पष्ट करणे आम्हाला आवश्यक वाटते. छायाचित्र शोधयंत्रात सापडले, त्यावर कॉपीराइटचे चिन्ह नव्हते किंवा पानातून आपल्याला उत्पन्न मिळत नव्हते, यांपैकी कोणतेही कारण परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

छायाचित्रे आपली नाहीत आणि परवानगीही नाही, अशी स्थिती असल्यास ती तिन्ही काढून ‘पुनर्तपासणीसाठी पाठवा’ हे बटण दाबावे. पान साधारणपणे दोन कामकाजाच्या दिवसांत त्याच पत्त्यावर पुन्हा प्रकाशित होईल. छायाचित्र कापून, उलटे करून किंवा त्याचे रंग बदलून पुन्हा लावू नये. तसेच तोच मजकूर त्याच छायाचित्रांसह नव्या पानावर टाकू नये, कारण तसे केल्यास वारंवार भंग करणाऱ्या खात्यांचा नियम लागू होऊन संपूर्ण खातेच बंद होऊ शकते.

परवानगी असल्यास तिचा पुरावा पाठवावा : छायाचित्रकाराचे पत्र, खरेदीची पावती किंवा छायाचित्र ज्या खुल्या परवान्याखाली उपलब्ध होते त्याचे नाव आणि मूळ पानाचा दुवा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांतही फरक असतो. काहींत व्यावसायिक वापराला, तर काहींत बदल करण्याला मनाई असते. तक्रारदाराशी थेट बोलण्याचा मार्गही खुला आहे. त्यांनी तक्रार मागे घेतल्याचे आम्हाला लेखी कळवले, तर पान त्याच दिवशी प्रकाशित केले जाईल, आणि आमच्या अनुभवात सौम्य शब्दांतल्या एका पत्राने असे अनेक प्रश्न सुटलेले आहेत.

छायाचित्रे आपणच काढलेली आहेत किंवा तक्रार चुकीने झाली आहे, अशी आपली खात्री असेल तर प्रति-नोटीस द्यावी. आमची कार्यपद्धती अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार चालते; त्यामुळे प्रति-नोटिशीत आपले पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, अप्रकाशित केलेल्या छायाचित्रांचा तपशील व ती जेथे होती ते ठिकाण, ती चुकीने किंवा गैरओळखीने अप्रकाशित केली गेली असे आपण प्रामाणिकपणे मानता हे शपथपूर्वक कथन, त्या कायद्यात सांगितलेल्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला संमती आणि आपली स्वाक्षरी असणे आवश्यक आहे. प्रति-नोटीस आम्ही तक्रारदाराकडे पाठवतो. त्यांनी न्यायालयात दावा दाखल केल्याचे न कळवल्यास १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पान पुन्हा प्रकाशित होते.

दोन गोष्टींचा मात्र शांतपणे विचार करावा. प्रति-नोटिशीतील आपला पत्ता व दूरध्वनी क्रमांक तक्रारदाराच्या हाती जातो, आणि जाणूनबुजून खोटे कथन केल्यास त्याची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर येते. मनात शंका असल्यास आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. याउलट, छायाचित्रे खरोखर आपली असतील तर घाबरून ती काढून टाकू नयेत; कॅमेऱ्यातील मूळ फाइल आणि त्याच वेळी टिपलेली लगतची छायाचित्रे हा आपल्या बाजूचा भक्कम आधार ठरतो.

या सूचनेला खात्यातील ‘तक्रारी’ या विभागातूनच उत्तर द्यावे, म्हणजे सर्व कागदपत्रे एकत्र राहतील. ११ एप्रिलपर्यंत उत्तर न आल्यास पान अप्रकाशित अवस्थेतच राहील, परंतु त्यानंतरही ते आपल्याला उतरवून घेता येईल आणि दुरुस्त करून पुनर्तपासणीसाठी पाठवता येईल.

आपले,
बौद्धिक संपदा तक्रार कक्ष